व्हायवात जिभेवरचा अल्सर समोर आला तर: लिजनचं वर्णन साइटपासून कन्सिस्टन्सीपर्यंत

परीक्षक पेशंटकडे बोट दाखवून म्हणतात, "लिजन डिस्क्राइब करा." आणि विद्यार्थी पहिल्याच वाक्यात म्हणतो, "सर, हा जिभेचा कार्सिनोमा आहे." निदान बहुतेक वेळा बरोबरही असतं, पण प्रश्न तो नव्हता. रोगाचं नाव एकदा घेतलं की पुढचं प्रत्येक वर्णन त्या नावाला जुळवून घ्यायचा मोह होतो. पुस्तकात कडा एव्हर्टेड लिहिली आहे म्हणून पेशंटच्या तोंडातही ती एव्हर्टेड दिसायला लागते. परीक्षकांना हे लगेच कळतं, कारण ते पुढचा प्रश्न नेमका त्याच शब्दावर विचारतात: "एव्हर्टेड म्हणजे काय? दाखवा मला."

म्हणून एक नियम आधीच ठरवून टाका. तुमच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द एकतर डोळ्याने मिळालेला असला पाहिजे किंवा बोटाने, आणि कशाने मिळाला ते विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. साइट, साइज, शेप, सरफेस, कलर, कन्सिस्टन्सी हा क्रमही तसाच आहे. पहिले पाच मुख्यतः डोळ्याचे, सहावा पूर्णपणे बोटाचा. या लेखात एकच केस घेऊन हा क्रम पार करू: जिभेच्या डाव्या कडेवरचा अल्सर. व्हायवात ही केस वारंवार येते, आणि सहाही मुद्द्यांवर तिच्यात बोलण्यासारखं काहीतरी आहे.

हात लावण्याआधी

जीभ गॉझने धरण्याआधी पेशंटला ती स्वतःहून बाहेर काढायला सांगा. सरळ येते का, एका बाजूला वळते का, पूर्ण बाहेर येते का, हे बघा. गॉझने ओढल्यावर ही माहिती हातची जाते. खालच्या स्नायूंपर्यंत गेलेल्या लिजनमध्ये जीभ आजाराच्या बाजूला वळते किंवा बाहेर यायला अडते. नंतर सांगायच्या कन्सिस्टन्सीपेक्षाही हे निरीक्षण कधीकधी जास्त वजनदार ठरतं.

मग जिभेचं टोक कोरड्या गॉझमध्ये धरून जीभ बाहेर आणि विरुद्ध बाजूला घ्या. डाव्या कडेसाठी उजवीकडे. दुसऱ्या हातातल्या माउथ मिररने डावा गाल बाजूला करा. असं केलं नाही तर जिभेच्या कडेचा मागचा भाग दिसतच नाही, आणि नेमका तोच भाग बघायचा राहून जातो. लिजनवर लाळ असेल तर गॉझने हलकेच टिपून घ्या, पुसू नका. ओल्या पृष्ठभागावर प्रकाश चमकतो आणि बारीक दाणेदारपणा त्यात लपून जातो.

साइट: पत्ता पूर्ण सांगा

"लॅटरल बॉर्डर ऑफ टंग" हा अर्धा पत्ता झाला. पूर्ण पत्त्यात बाजू, जिभेचा भाग, कोणत्या खुणांपासून किती अंतर, आणि कोणता दात समोर आहे, हे सगळं येतं.

बाजू म्हणजे पेशंटची बाजू. समोर उभं राहिल्यावर पेशंटचं डावं तुमच्या उजव्या हाताला येतं. दडपणाखाली ही चूक जितकी होते तितकी दुसरी कुठलीच होत नाही. सोपा उपाय म्हणजे आधी दाताचा क्रमांक बघायचा आणि मग बाजू बोलायची. ३६ समोर असेल तर डावी बाजू, ४६ असेल तर उजवी. फोटोवरून व्हायवा असेल तर आणखी सावध राहा. आरशातून घेतलेला फोटो उलटा असू शकतो, आणि दातांचा क्रमही त्यात उलटलेला असतो. अशा वेळी "फोटो थेट घेतलेला आहे असं धरून" एवढे शब्द आधी जोडले की पुरतं.

त्यानंतर भाग. सर्कमव्हॅलेट पॅपिलांच्या पुढची जीभ ही पुढची दोन तृतीयांश, तोंडाचा भाग. त्यांच्या मागची एक तृतीयांश ऑरोफॅरिन्क्समध्ये मोडते. रेषेच्या अलीकडचा अल्सर आणि पलीकडचा अल्सर यांचं स्टेजिंगही वेगळं आणि उपचारांचा विचारही वेगळा. जिभेच्या मागच्या कडेला फोलिएट पॅपिला असतात, उभ्या घड्यांसारख्या, लालसर. त्यांनाच लिजन समजून वर्णन करणारे विद्यार्थी दर परीक्षेत असतात. दोन्ही कडा पाहिल्या आणि तसंच चित्र दुसऱ्या बाजूलाही दिसलं, तर ती नॉर्मल रचना असण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे साइट सांगायच्या आधी दुसरी बाजू पाहायची सवय लावून घ्या.

मग अंतरं. आपल्या केसमध्ये अल्सर जिभेच्या टोकापासून साधारण ३ सेमी मागे सुरू होतो आणि फोलिएट पॅपिलांच्या पुढेच संपतो. वरच्या बाजूला तो डॉर्समवर जेमतेम २ ते ३ मिमी चढला आहे, मध्यरेषेपर्यंत पोहोचलेला नाही. खालच्या बाजूला तो फ्लोअर ऑफ द माउथपासून सुमारे १ सेमी अलीकडे थांबतो. अंतरं सांगताना "काय सुटलं आहे" तेही सांगा. मध्यरेषा सुटली आहे, फ्लोअर सुटला आहे, ही माहिती शस्त्रक्रियेच्या दृष्टीने लांबीरुंदीइतकीच कामाची असते आणि परीक्षकांच्या कानाला ती लगेच लागते.

शेवटी दात. जीभ सैल, तोंडात जशी विसावते तशी राहू द्या आणि अल्सर कुठल्या दाताला टेकतो ते बघा. इथे तो ३६ च्या लिंग्वल कस्पसमोर येतो, आणि तो कस्प बोटाला टोकदार लागतो. खालच्या मोलरचे बक्कल कस्प झिजले तरी लिंग्वल कस्प चावताना फारसे कामात येत नसल्याने टोकदारच राहतात, म्हणून असं चित्र बऱ्याच वेळा दिसतं. हे नोंदवा, पण "त्यामुळे" हा शब्द वापरू नका. टोकदार दात आणि अल्सर शेजारी असणं हे निरीक्षण झालं. एकामुळे दुसरं झालं हा निष्कर्ष, आणि त्याची वेळ अजून आलेली नाही.

साइज: कशाने मोजलं तेही सांगा

"साधारण एवढा" म्हणून दोन बोटांत अंतर दाखवू नका. दोन मापं द्या: सर्वांत लांब बाजू आणि तिला काटकोनात असलेली बाजू. गाठ असेल तर तिसरं माप, उंचीचं.

मोजायला हाताशी पेरिओडॉन्टल प्रोब असतो. यूएनसी १५ वर १५ मिमीपर्यंत खुणा आहेत, विल्यम्स प्रोबवर १० मिमीपर्यंत. आपला अल्सर त्याहून मोठा आहे. एकाच लिजनवर प्रोब दोनदा सरकवून बेरीज करण्यापेक्षा डिव्हायडरची टोकं दोन कडांच्या जरा वर, पण न टोचता, धरा आणि ते अंतर पट्टीवर वाचा. इथे माप येतं २.२ सेमी लांब आणि १.५ सेमी रुंद.

या मापात एक खोट आहे आणि ती तुम्ही स्वतःच सांगितली तर बरं. जीभ ताणून धरली की अल्सर लांबट होतो आणि रुंदी कमी भरते. म्हणून जीभ बाहेर, पण सैल ठेवून मोजा आणि "जीभ न ताणता" असं वाक्यात घाला. काही मिमींसाठी इतका आग्रह का? कारण तोंडाच्या कार्सिनोमाच्या टी स्टेजमध्ये पहिली सीमा २ सेमीवर आहे. एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीपासून त्यात डेप्थ ऑफ इन्व्हेजनही धरली जाते, पण लांबीची सीमा तशीच राहिली. १.९ आणि २.२ यांत फरक पडतो तो इथे.

फोटो दिला असेल तर मोजमाप सांगायला पट्टीच नसते. अशा वेळी शेजारच्या दाताशी तुलना करा. खालच्या पहिल्या मोलरची मेसिओडिस्टल रुंदी साधारण ११ मिमी असते. लिजन त्याच्या दुप्पट दिसत असेल तर "अंदाजे २ सेमी, शेजारच्या मोलरच्या तुलनेत" असं म्हणा. अंदाज आहे हे सांगून दिलेला अंदाज कुणी खोडत नाही. तोच आकडा ठाम सांगितलात तर मात्र "कसा मोजला?" हे ऐकावंच लागतं.

शेप: अल्सरमध्ये खरी माहिती कडेत असते

गोल, लंबगोल, अनियमित, एवढ्यावर शेप संपवला तर हाती फारसं काही लागत नाही. आपला अल्सर अनियमित लंबगोल आहे, लांब अक्ष पुढून मागे. एक वाक्य पुरे.

गाठ असती तर इथे ती बुडाशी रुंद बसली आहे की देठावर आहे, म्हणजे सेसाइल की पेडंक्युलेटेड, ते सांगावं लागलं असतं. ते वरून बघून सांगू नका. प्रोबचं टोक बुडाभोवती फिरवा. वरून रुंद वाटणारी गाठ खाली बारीक देठावर उभी असलेली बऱ्याचदा निघते.

अल्सरमध्ये लक्ष द्यायचं ते कडेवर. यात दोन शब्द वेगळे ठेवा. नॉर्मल म्युकोसा जिथे संपते ती रेषा म्हणजे मार्जिन. त्या रेषेपासून अल्सरच्या तळापर्यंत जाणारा उतार म्हणजे एज. मार्जिनबद्दल बोलताना ती स्पष्ट आहे की आसपासच्या म्युकोसात मिसळून जाते, सरळ आहे की वेडीवाकडी, हे सांगायचं. एजबद्दल बोलताना त्या उताराचा आकार सांगायचा.

उतार हळूहळू खाली जात असेल तर स्लोपिंग, आणि तो बऱ्या होत असलेल्या अल्सरमध्ये दिसतो. कडा सरळ खाली कापल्यासारखी असेल तर पंच्ड आउट. कडेच्या खालून ऊती पोखरली गेली असेल आणि प्रोब हलकेच कडेखाली जात असेल तर अंडरमाइन्ड, क्षयाच्या अल्सरमध्ये सांगतात तो. कडा उंचावून बाहेरच्या नॉर्मल म्युकोसावर उलटली असेल तर एव्हर्टेड. उंच आणि गोलसर असेल पण बाहेर उलटलेली नसेल, तर तिला काही जण रोल्ड म्हणतात. बेसल सेल कार्सिनोमाच्या वर्णनात तो शब्द जास्त येतो आणि तो रोग त्वचेचा. तोंडातल्या अल्सरसाठी रोल्ड वापरायचा असेल तर एव्हर्टेडपासून तो कसा वेगळा ते एका वाक्यात सांगता येईल याची खात्री करून मगच वापरा.

आपल्या केसमध्ये पुढच्या आणि वरच्या बाजूची कडा उंचावलेली आणि बाहेर उलटलेली आहे. मागच्या बाजूला ती तितकी उंच नाही, जवळजवळ स्लोपिंग वाटते. तसंच सांगा. सगळ्या बाजूंना कडा एकसारखी नसते, आणि "पुढे आणि वर एव्हर्टेड, मागे स्लोपिंग" असं म्हणणारा विद्यार्थी खरोखर बघून बोलतो आहे हे लगेच कळतं.

सरफेस: फ्लोअर डोळ्याचा, बेस बोटाचा

गाठीत सरफेस म्हणजे वरचं आवरण: गुळगुळीत, खडबडीत, लोब्युलेटेड, पॅपिलरी, व्रणयुक्त. अल्सरमध्ये सरफेस म्हणजे फ्लोअर, अल्सरच्या आत डोळ्याला दिसतं ते. ज्यावर अल्सर बसला आहे आणि जे फक्त दाबून कळतं तो बेस. "बेस स्लफने झाकलेला आहे" हे वाक्य ऐकल्यावर बरेच परीक्षक तिथेच थांबवतात आणि फ्लोअर-बेसचा फरक विचारतात. बेसबद्दल एकही शब्द या टप्प्यावर बोलू नका.

फ्लोअर टिपून बघितल्यावर दाणेदार दिसतो, मध्यभागी पिवळसर करडा स्लफ आहे. ओल्या गॉझने हलकेच पुसल्यावर स्लफचा काही भाग निघतो आणि खाली लाल, उंचसखल पृष्ठभाग दिसतो. पुसताना दोन ठिकाणी रक्ताचे थेंब येतात. "स्पर्शाला रक्तस्राव" हे वाक्य इथे यायला हवं, आणि गॉझने पुसताना आलं हेही. पेशंट स्वतःहून रक्त येतं म्हणाला असेल तर ते हिस्ट्रीत जातं, तपासणीत नाही.

कलर: कोणता रंग कुठे

"रेडिश व्हाइट" हा शब्द टाळा. त्यातून काहीच कळत नाही. लिजनच्या कुठल्या भागाचा रंग कोणता, आणि आसपासच्या म्युकोसाचा कोणता, हे वेगळं करून सांगा. इथे फ्लोअर लाल, मध्ये पिवळसर करडा, कडा फिकट गुलाबी. अल्सरच्या पुढच्या बाजूला मार्जिनपासून ५ मिमीपर्यंत पांढरा पट्टा आहे. अल्सरभोवती लाल कडं नाही.

पांढरा भाग दिसला की दोन गोष्टी करून बघायच्या. आधी तो ताणून बघा. ताणल्यावर पांढरेपणा विरतो का? गालाच्या आतल्या बाजूला ल्युकोइडीमात असं होतं. मग गॉझने घासून बघा, निघतो का? स्यूडोमेम्ब्रेनस कॅन्डिडायासिसमधला पांढरा थर घासल्यावर निघतो आणि खाली लालसर, कधी रक्त येणारी म्युकोसा दिसते. आपला पट्टा ताणून विरत नाही आणि घासून निघत नाही. वर्णनात एवढंच: "न निघणारा पांढरा पॅच". ल्युकोप्लाकिया म्हणू नका. तो शब्द इतर कारणं वगळल्यावर वापरायचा असतो, आणि ती वगळण्याचं काम वर्णनाच्या टप्प्यावर झालेलं नसतं. त्याच न्यायाने लाल भागाला एरिथ्रोप्लाकिया म्हणू नका.

निळसर किंवा जांभळट लिजन असतं तर काचेच्या स्लाइडने दाबून रंग जातो का, हे बघावं लागलं असतं. रंग गेला तर त्यात रक्तवाहिन्यांमधलं रक्त आहे हे कळतं. दाबूनही न जाणारा गडद डाग रंगद्रव्याचा, अमाल्गमचा किंवा ऊतीत सांडलेल्या रक्ताचा असू शकतो.

कन्सिस्टन्सी: इथे घाई केली तर सगळं जातं

आतापर्यंतचं सगळं बघून सांगितलं. आता बोट. पेशंटला सांगा की हात लावणार आहे, दुखलं तर हात वर करा, आणि दाबताना डोळे जिभेवर नाही, पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवा. टेंडरनेस चेहऱ्यावर आधी दिसतो.

सुरुवात उजव्या, निरोगी कडेपासून करा. अंगठा आणि तर्जनीत जीभ धरून ती किती मऊ आहे ते बोटांना कळू द्या. ही पायरी वगळली तर डाव्या बाजूचा कडकपणा कशाशी तोलणार? मग डाव्या बाजूला या, पण थेट अल्सरवर नाही. लांबच्या निरोगी भागापासून हळूहळू अल्सरकडे सरका, आणि ऊती दाबाला दाद देणं थांबते ती जागा लक्षात ठेवा. ती जागा दिसणाऱ्या मार्जिनच्या आत आहे की बाहेर, हे कळणं म्हणजेच कन्सिस्टन्सी तपासण्याचा अर्धा उद्देश. इथे पुढच्या आणि आतल्या बाजूला कडकपणा दिसणाऱ्या मार्जिनच्या साधारण ५ मिमी पुढपर्यंत जातो. मागे आणि खाली तो मार्जिनपाशीच संपतो.

मऊ, फर्म, हार्ड या शब्दांसाठी ठरलेले मापदंड आहेत: ओठासारखं ते सॉफ्ट, नाकाच्या टोकासारखं ते फर्म, कपाळासारखं ते हार्ड. परीक्षकांनी "फर्म म्हणजे किती?" विचारलं तर हे सांगायचं. आपल्या अल्सरची कडा आणि बेस फर्मपेक्षा कडक, हार्डच्या जवळ लागतात. कार्सिनोमात ऊतीत घुसलेल्या पेशी आणि त्यांच्याभोवतीची तंतुमय प्रतिक्रिया यांमुळे हा कडकपणा येतो. त्यालाच इन्ड्युरेशन म्हणतात.

आता फसगत कुठे होते ते बघू, कारण इन्ड्युरेशन म्हणण्याची घाई सगळ्यांनाच असते. पेशंटने जीभ घट्ट ताणून बाहेर काढली असेल तर तिचे स्नायू आकुंचन पावलेले असतात आणि संपूर्ण कडा फर्म लागते. म्हणून जीभ आत घ्यायला सांगा, सैल सोडायला सांगा आणि पुन्हा दाबा. कडकपणा गेला तर तो स्नायूंचा होता. राहिला, आणि उजव्या बाजूला तसा नाही, तर तो लिजनचा. दुसरी फसगत जुन्या ट्रॉमॅटिक अल्सरची. बराच काळ टोचत राहिलेल्या अल्सरभोवती फायब्रोसिस होते आणि तोही कडक लागतो. बोट या दोघांत खात्रीने फरक करू शकत नाही. म्हणून इन्ड्युरेशन सापडलं म्हणजे कार्सिनोमा सिद्ध झाला, असं म्हणू नका. इन्ड्युरेशन सापडलं म्हणजे बायोप्सी टाळता येणार नाही, असं म्हणा.

शेवटी फ्लोअर ऑफ द माउथ दोन हातांनी तपासा. एक बोट आत, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली बाहेरून. अल्सर फ्लोअरपर्यंत दिसत नसला तरी कडकपणा खाली उतरला आहे का, ते यात कळतं. इथे तो उतरलेला नाही. जीभही सुरुवातीला सरळ आणि पूर्ण बाहेर आली होती. दोन्ही निरीक्षणं एकमेकांना धरून आहेत.

समोर अल्सरऐवजी गाठ असेल तर फ्लक्चुएशनचा प्रश्न येतो. मोठ्या गाठीत दोन बोटांनी ती स्थिर धरून तिसऱ्याने दाबायचं, आणि ही चाचणी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांत करायची. एकाच दिशेत केली तर स्नायूही फ्लक्चुएट झाल्यासारखा वाटतो. १ ते २ सेमीच्या छोट्या गाठीत मधला भाग कडेपेक्षा मऊ लागतो का, एवढंच बघायचं. यालाच पेजेट्स टेस्ट म्हणतात.

फोटोवरून व्हायवा असेल तर या संपूर्ण टप्प्यावर तुमचं उत्तर एका वाक्याचं आहे: "कन्सिस्टन्सी फोटोवरून सांगता येत नाही. पेशंट समोर असता तर कडा आणि बेसचं इन्ड्युरेशन, टेंडरनेस आणि फ्लोअरकडे जाणारा कडकपणा तपासला असता." फोटोकडे बघून "फर्म" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचं बाकीचं वर्णन कितीही चांगलं असलं तरी परीक्षकांचा विश्वास तिथे उडतो.

सगळं एकत्र बोलताना

उत्तर साधारण असं जाईल:

"तपासणीत जिभेच्या डाव्या लॅटरल बॉर्डरवर, मधल्या तृतीयांशात, टोकापासून सुमारे ३ सेमी मागे, ३६ च्या लिंग्वल कस्पसमोर एकच अल्सर दिसतो. मध्यरेषा आणि फ्लोअर ऑफ द माउथ सुटलेले आहेत. जीभ न ताणता माप २.२ बाय १.५ सेमी. आकार अनियमित लंबगोल, मार्जिन स्पष्ट पण अनियमित. एज पुढे आणि वर एव्हर्टेड, मागे स्लोपिंग. फ्लोअर दाणेदार, मध्ये पिवळसर करडा स्लफ, पुसताना रक्तस्राव. पुढच्या बाजूला ५ मिमी रुंदीचा, घासून न निघणारा पांढरा पॅच. भोवती एरिथेमा नाही. पॅल्पेशनवर वरची निरीक्षणं पक्की होतात. कडा आणि बेस इन्ड्युरेटेड, कडकपणा पुढे आणि आत दिसणाऱ्या मार्जिनपलीकडे ५ मिमी. किंचित टेंडर. जिभेची हालचाल मोकळी. ३६ चा लिंग्वल कस्प टोकदार."

हे बोलायला एक मिनिटही लागत नाही. यात रोगाचं नाव कुठेच नाही, तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते उमटलेलं असतं. आता परीक्षक स्वतः विचारतील, "प्रोव्हिजनल डायग्नोसिस?" तेव्हा स्क्वेमस सेल कार्सिनोमा म्हणा आणि लगेच ट्रॉमॅटिक अल्सर दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

त्यानंतर येणारे प्रश्न

ते तुमच्याच शब्दांतून येतात, म्हणून आधीच ओळखता येतात. "टोकदार कस्प सांगितलात, मग ट्रॉमॅटिक का नाही?" उत्तर: असू शकतो. पण कडा एव्हर्टेड आहे, कडकपणा मार्जिनपलीकडे जातो आणि शेजारी न निघणारा पांढरा पॅच आहे. नुसता संशयास्पद नसलेला अल्सर असता तर कस्प गुळगुळीत करून दोन आठवडे वाट पाहिली असती, आणि तरी बरा झाला नसता तर बायोप्सी. इथे कस्प गुळगुळीत करायचाच आहे, पण बायोप्सीसाठी दोन आठवडे थांबायचं नाही.

"बायोप्सी कुठून?" कडेतून, थोडी निरोगी दिसणारी म्युकोसा घेऊन, आणि पुरेशी खोल. मधल्या स्लफमधून घेतलेला तुकडा बऱ्याच वेळा फक्त मृत ऊती दाखवतो. एज नीट वर्णन करणाऱ्याला हे उत्तर शोधावं लागत नाही. सर्वांत एव्हर्टेड आणि कडक भाग कोणता ते त्याने आधीच सांगितलेलं असतं.

"नोड्स?" गाठींचं वर्णनही याच साच्यात बसतं: कोणती लेव्हल, किती, केवढ्या, कन्सिस्टन्सी काय, हलतात की चिकटलेल्या. जिभेच्या कडेसाठी त्याच बाजूच्या लेव्हल एक ते तीन आधी बघा, मग दुसरी बाजू.

"टी स्टेज सांगा." इथे बरेच जण २.२ सेमी म्हणून लगेच टी टू म्हणतात. आधी म्हणा की लांबी २ सेमीपेक्षा जास्त आणि ४ सेमीच्या आत आहे, त्यामुळे डेप्थ ऑफ इन्व्हेजन १० मिमी किंवा त्यापेक्षा कमी असेल तर टी टू, जास्त असेल तर टी थ्री. मग विचारतील, "डेप्थ किती आहे?" बोटाला लागलेली जाडी म्हणजे डेप्थ ऑफ इन्व्हेजन नव्हे. ती शेजारच्या निरोगी म्युकोसाच्या बेसमेंट मेम्ब्रेनच्या पातळीपासून खाली मोजतात, वर उंचावलेला भाग त्यात धरत नाहीत. त्यामुळे तुमचं उत्तर: "पॅल्पेशनवरून खोली फार वाटत नाही, पण आकडा इमेजिंगनंतर आणि पक्का आकडा हिस्टोपॅथॉलॉजीनंतर सांगेन."